राजीनामा आधी की कागद आधी?



आपल्या धाडकडे वावराचा व्यवहार कसा होतो ते कुणालाही विचारा. बोलणी होतात, भाव ठरतो, चहा होतो, दोन्हीकडची वडीलधारी माणसं माना डोलावतात. तरी इसारपावती झाल्याशिवाय कुणी वावराचा ताबा देत नाही. लग्नाचंही तसंच. मुलगी पसंत पडली तरी याद्या झाल्याशिवाय आपण पत्रिका छापायला टाकत नाही. इतकी सावध असलेली आपलीच माणसं नोकरीच्या बाबतीत मात्र एका फोनवर विसंबून हातची नोकरी सोडून मोकळी होतात, याचं मला फार नवल वाटतं.

आपल्या गावातून बुलढाणा, जालना, छत्रपती संभाजीनगर आणि पुण्याला नोकरीसाठी गेलेल्या मुली आणि सुना आता घरोघरी आहेत. त्या नोकरी बदलायला निघाल्या की घरात एक फोन हमखास येतो. पलीकडचा माणूस गोड बोलतो, "मॅडम, तुमचं सिलेक्शन झालं. पगारही ठरला. तुम्ही आजच राजीनामा टाका आणि त्याची मेल मला पाठवा, म्हणजे कंपनी ऑफर लेटर काढेल." आज मी या एका वाक्याबद्दलच लिहिणार आहे. यातला क्रम उलटा आहे. आधी ऑफर लेटर, मग राजीनामा. पण ते मागायचं कसं, आणि आलेलं पत्र वाचायचं कसं, इथेच आपली अडचण होते.

आधी हा फोन करणारा कोण ते पाहू. कधी तो कंपनीच्याच एचआर खात्यातला असतो, पण पुष्कळदा तो कन्सल्टन्सीचा म्हणजे मध्यस्थाचा असतो. मध्यस्थाला कंपनीकडून मेहनताना मिळतो तो उमेदवार कामावर रुजू झाल्यावर, बहुधा तिच्या महिन्याभराच्या पगाराइतका किंवा त्याहून जास्त. ती रुजू झाली नाही तर त्याची मेहनत फुकट जाते. म्हणून त्याला घाई असते. यात त्याचं काही वाकडं असतं असं नव्हे, पण त्याची घाई ही त्याची आहे, आपली नव्हे. दुसरं असं की कंपनीच्या वतीने शब्द देण्याचा अधिकार त्याला सहसा नसतो. उद्या कंपनीने जागाच रद्द केली, तर तो "मॅडम, मी तरी काय करणार?" असं म्हणेल, आणि ते खरंही असेल.

कंपनीचीही एक बाजू आहे, तीही ऐकून घ्या. काही उमेदवार एका ठिकाणचं ऑफर लेटर घेतात, ते दुसरीकडे दाखवून पगार वाढवून घेतात आणि पहिल्या ठिकाणी फिरकतही नाहीत. कंपनी दोन महिने वाट पाहते आणि जागा रिकामीच राहते. म्हणून "आधी राजीनामा दाखवा" अशी टूम निघाली. पण जरा तोलून पाहा. उमेदवार आली नाही तर कंपनीची एक जागा काही दिवस रिकामी राहते. कंपनीने शब्द फिरवला तर आपल्या घरातला पगार बंद होतो, आणि घराच्या कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. ज्याचं नुकसान मोठं, त्याच्या हाती कागद आधी हवा.

कायद्याचं थोडं सांगते, घाबरू नका. आपला करार कायदा १८७२ सालचा आहे. त्यात असं आहे की समोरच्याने देऊ केलेली गोष्ट आपण स्वीकारल्याचं कळवेपर्यंत त्याला ती मागे घेता येते. म्हणजे नुसतं पत्र येऊन पेटीत पडलं तर भागत नाही, "मला मान्य आहे" असं लेखी कळवावं लागतं. तोंडी करारही कायद्याला चालतो बरं का, पण तो सिद्ध कसा करणार? फोनवर काय बोलणं झालं ते कोण सांगणार? आणि हे पत्र टपालानेच यायला हवं असंही नाही. ई-मेलने झालेला करारही माहिती तंत्रज्ञान कायद्याप्रमाणे ग्राह्य आहे.

आता एक घडलेलीच गोष्ट सांगते. माझी एक जुनी विद्यार्थिनी, लग्न होऊन छत्रपती संभाजीनगरला गेलेली, तिथे एका लहान कंपनीत हिशेबाचं काम करते. नावगाव सांगत नाही. हातात पगार यायचा २२,५०० रुपये. नवरा खाजगी नोकरीत, एक मूल शाळेत, आणि फ्लॅटचा हप्ता. तिला असाच फोन आला. वाळूजकडची एक कंपनी, पगार "बत्तीस हजार". राजीनामा आजच टाका. तिने मला फोन केला, "बाई, साडेनऊ हजारांची वाढ आहे. हे म्हणतात, देऊन टाक. पण मला धीर होत नाही."

मी तिला म्हटलं, "अगं, नाही म्हणू नकोस आणि हो पण म्हणू नकोस. त्या माणसाला गोड शब्दांत सांग की मला नोकरी हवी आहे, माझी तयारी आहे, फक्त कागद आला की त्याच आठवड्यात राजीनामा देते. आणि फोनवर बोललीस ते लगेच मेलवर लिही."

फोनवर वाद घालायचा नाही, हे महत्त्वाचं. 'तुमच्यावर विश्वास नाही' असं म्हटलं की समोरचा दुखावतो. 'घरात विचारावं लागेल' असं म्हटलं की तो नवऱ्याशी बोलायला मागतो! 'मी कागद पाहून राजीनामा देते, अशी माझी पद्धत आहे' एवढंच म्हणावं. तिने जी मेल पाठवली ती साधारण अशी होती. इंग्रजीत लिहायची तर हाच मजकूर इंग्रजीत करावा.

"आज दूरध्वनीवर सांगितल्याप्रमाणे आपल्या कंपनीत लेखापाल पदासाठी माझी निवड झाल्याचे समजले. आभारी आहे. ही जागा स्वीकारण्याची माझी इच्छा आहे. सध्याच्या ठिकाणी मला ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. कंपनीचे सहीचे ऑफर लेटर मिळाल्यावर मी त्याच दिवशी स्वीकृती कळवीन आणि दोन कामकाजाच्या दिवसांत राजीनामा देऊन त्याची पोच आपणांस पाठवीन. पत्रात पद, कामाचे ठिकाण, पगाराचा तपशील आणि रुजू होण्याची तारीख असावी, ही विनंती."

या मेलची खुबी अशी की तिच्यात नकार कुठेच नाही. उलट कंपनीला जी भीती असते, की ही बाई पत्र घेऊन दुसरीकडे जाईल, तिच्यावर उत्तर दिलेलं आहे. दोन दिवसांत पोच पाठवते म्हटल्यावर रास्त कंपनीला पुढे बोलायला जागा राहत नाही.

तरी मध्यस्थाने दोन दिवस फोन केले. "मॅडम, दुसरी कँडिडेट तयार आहे." ही धमकी पुष्कळदा नुसतीच असते, पण खरी असली तरी काय? दुसरी उमेदवार कागदाशिवाय राजीनामा द्यायला तयार असेल, तर तो तिचा प्रश्न. आमची पोरगी शांत राहिली. तिसऱ्या दिवशी मध्यस्थाने एक कागद पाठवला, त्यावर लिहिलं होतं 'लेटर ऑफ इंटेंट'.

इथे जरा थांबू या, कारण नावांत गफलत होते. लेटर ऑफ इंटेंट म्हणजे इरादापत्र. 'आम्ही तुम्हांला घेण्याचा विचार करीत आहोत' एवढाच त्याचा बहुधा अर्थ असतो. अमुक पगारावर, अमुक तारखेपासून या, असं सांगतं ते ऑफर लेटर. आणि रुजू झाल्यावर सगळ्या अटींसकट हाती पडतं ते नियुक्तिपत्र, म्हणजे अपॉइंटमेंट लेटर. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नव्या कामगार संहिता लागू झाल्या, आणि दहा किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या ठिकाणी नियुक्तिपत्र देणं मालकावर बंधनकारक झालं. चांगलीच गोष्ट आहे. पण ते पत्र कामावर घेताना द्यायचं असतं. त्याच्या आधीचे जे चाळीस-पन्नास दिवस, म्हणजे राजीनामा दिल्यापासून नव्या जागी पाय ठेवेपर्यंतचे, त्यांत आपल्या हाती असतं ते ऑफर लेटरच. म्हणून इरादापत्रावर राजीनामा देऊ नये. नाव काहीही असो, आत पगाराचा आकडा, तारीख आणि सही आहे की नाही ते पाहावं.

तिने मध्यस्थाला तसं कळवलं, आणि १४ तारखेला कंपनीच्या स्वतःच्या मेलवरून ऑफर लेटर आलं. मेल कुठून आली हेही पाहायचं असतं बरं. कंपनीच्या नावाच्या पत्त्यावरून आली तर ठीक. मोठ्या कंपनीचं पत्र `gmail.com` वरून आलं, तर कंपनीच्या संकेतस्थळावरचा क्रमांक शोधून आपण स्वतः फोन करावा आणि विचारावं. पत्रात छापलेल्या क्रमांकावर विचारून उपयोग नाही, तिथे फोन उचलणारा त्यांचाच माणूस असेल.

पत्र आल्याच्या संध्याकाळी ती मला म्हणाली, "बाई, आलं! उद्या देऊ ना राजीनामा?" मी म्हटलं, "आधी वाचून दाखव." आणि मग आम्ही दोघी फोनवर एकेक ओळ घेत बसलो. पत्र मागण्याचा खरा फायदा काय, ते त्या तासाभरात कळलं.

पहिली गोष्ट पगाराची. पत्रात वर्षाला ३,८४,००० रुपये लिहिले होते आणि पुढे 'सीटीसी'. बाराने भागलं की बत्तीस हजार येतात, म्हणजे फोनवरचा माणूस खोटं बोलला नव्हता. पण सीटीसी म्हणजे आपल्यामागे कंपनीला येणारा एकूण खर्च, हातात पडणारा पगार नव्हे. मागच्या पानावरच्या तक्त्यात फोड होती. त्या ३२,००० पैकी १,८०० रुपये कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीचा वाटा. ७७० रुपये ग्रॅच्युइटीची तरतूद, जी सहसा पाच वर्षं नोकरी झाल्याशिवाय मिळत नाही. २,५०० रुपये 'व्हेरिएबल', म्हणजे वर्षाअखेरीस काम पाहून देणार, देतील तेव्हा. ते वजा जाता महिन्याला उरले २६,९३०. त्यातून तिचा स्वतःचा भविष्यनिर्वाह निधी १,८०० आणि व्यवसायकर २०० गेला की हातात २४,९३० रुपये. म्हणजे वाढ साडेनऊ हजारांची नव्हेच, २,४३० रुपयांची! वाळूजला जायचा रिक्षा-बसचा खर्च त्यातून वेगळा. निधीचे पैसे आपल्याच नावावर जमा होतात, ते वाया जात नाहीत, हे खरं. पण फ्लॅटचा हप्ता त्यातून भरता येत नाही.

आता सांगा, फोनवर विसंबून राजीनामा दिला असता आणि मग हा तक्ता हाती पडला असता, तर बोलायला तोंड राहिलं असतं का? हातात जुनी नोकरी असताना माणूस विचारू शकतो. राजीनामा देऊन बसलेल्या बाईला मिळेल ते घ्यावं लागतं.

दुसरी गोष्ट तारखेची. पत्रात रुजू होण्याची तारीख पुढच्या महिन्याची १ होती, आणि तिची नोटीस ३० दिवसांची. १५ ला राजीनामा दिला तरी १४-१५ च्या आधी ती मोकळी होणार नव्हती. म्हणजे जुन्या कंपनीने राहिलेल्या दिवसांचा पगार कापला असता, किंवा रिलीव्हिंग लेटर अडवून धरलं असतं. आणि नव्या कंपनीच्या पत्रात तर 'रुजू होताना आधीच्या ठिकाणचे रिलीव्हिंग लेटर सादर करावे' अशी अट होती. दोन्ही दगडांमध्ये सापडली असती. आपल्या सध्याच्या नोकरीचं जुनं नियुक्तिपत्र काढून नोटीस नक्की किती दिवसांची आहे ते आधी पाहून ठेवावं. तीस म्हणून सांगतात आणि कागदावर साठ किंवा नव्वद निघतात.

तिसरी गोष्ट बारीक अक्षरातली. 'पूर्वीच्या नोकरीची पडताळणी समाधानकारक झाल्यास ही ऑफर ग्राह्य राहील.' ही अट बहुतेक पत्रांत असते, तिला भ्यायचं कारण नाही. पण पडताळणी कधी करणार ते विचारावं. तिने विनंती केली की शिक्षणाची आणि त्याच्या आधीच्या नोकरीची पडताळणी आत्ताच उरकून घ्या, मात्र सध्याच्या कार्यालयात मी राजीनामा दिल्याशिवाय चौकशीचा फोन करू नका. हे दुसरं वाक्य विसरू नये. नाहीतर आपल्या साहेबांना आपल्या आधीच बातमी लागते, मग नवी नोकरी मिळण्याआधीच जुनीत बसणं कठीण होतं.

हे तिन्ही मुद्दे तिने एकाच मेलमध्ये विचारले. तीनदा तीन मेल केल्या की माणूस कटकट्या वाटतो. चार दिवसांनी, १८ तारखेला, सुधारलेलं पत्र आलं. रुजू होण्याची तारीख पुढच्या महिन्याची २२ केली होती, आणि व्हेरिएबलचे २,५०० रुपये पक्क्या पगारात घातले होते. हातात पडणारे झाले २७,४३०. विचारलं म्हणून मिळालं, नेहमी मिळतंच असं नाही. पण नकार आला असता तरी जुनी नोकरी शाबूत होती. त्याच संध्याकाळी तिने "मला मान्य आहे" अशी मेल केली आणि पत्राची सही केलेली प्रत जोडली. १९ तारखेला जुन्या कार्यालयात राजीनामा दिला, त्याची पोच घेतली आणि ती नव्या कंपनीला पाठवली, म्हणाली होती तशी. जुन्या ठिकाणी पगार कापला गेला नाही, रिलीव्हिंग लेटरही मिळालं.

सगळ्याच गोष्टी अशा सरळ होत नाहीत. कंपनी हटून बसली आणि 'राजीनामा दाखवल्याशिवाय पत्र देतच नाही' म्हणाली तर? मधला एक मार्ग आहे. निदान कंपनीच्या एचआरच्या मेलवरून, मध्यस्थाच्या नव्हे, पद, पगाराची फोड आणि रुजू होण्याची तारीख लिहून मागावी, आणि राजीनाम्याची पोच दाखवल्यावर किती दिवसांत ऑफर लेटर देणार तेही त्यात लिहून मागावं. एवढंही लिहायला कंपनी तयार नसेल, तर माझं मत विचाराल तर मी ती नोकरी सोडून देईन. जी कंपनी चार ओळी लिहायला कचरते ती पगाराच्या तारखेला काय करील, याचा अंदाज येतो.

आणि ऑफर लेटरसाठी कुणी पैसे मागितले, 'रजिस्ट्रेशन' म्हणा, 'ट्रेनिंग डिपॉझिट' म्हणा, 'लॅपटॉपची अनामत' म्हणा, तर ती नोकरी नव्हेच. मध्यस्थाचा मेहनताना कंपनी देते, हे वर सांगितलंच. उमेदवाराकडून पैसे मागणारा माणूस बनावट पत्रही देईल, तेव्हा तिथे कागद हाती असून भागत नाही.

आता खऱ्या पत्राचीही मर्यादा सांगायला हवी, नाहीतर तुम्ही निर्धास्त व्हाल. २०२५ च्या जुलैत वर्तमानपत्रांत एक बातमी आली होती. पुण्याची 'नाइट्स' नावाची आयटी कर्मचाऱ्यांची संघटना आहे. तिने केंद्रीय कामगार मंत्रालयाला पत्र लिहून तक्रार केली की टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने निवडलेल्या ६०० हून अधिक अनुभवी लोकांची रुजू होण्याची तारीख पुढे ढकलली आहे. या लोकांच्या हाती ऑफर लेटर होतं, तारीख होती, आणि तेवढ्यावर त्यांनी आधीच्या नोकऱ्या सोडल्या होत्या. कंपनीने दिलेल्या सगळ्या ऑफर आपण पाळू असं सांगितलं. पण तोवर ज्यांच्या घरात पगार नव्हता, त्यांचे हप्ते चालूच होते.

एवढ्या मोठ्या नावाच्या ठिकाणी असं होऊ शकतं, तर कागदाचा उपयोग काय, असं तुम्ही विचाराल. उपयोग आहे. त्या लोकांना तक्रार करता आली, कारण जोडायला पत्र होतं. ज्याच्याकडे नुसता फोन आहे तो कुणाकडे जाणार? पण पत्र दाखवून कोर्टातून नोकरी मिळवता येते, असं मात्र समजू नका. 'या बाईला कामावर घ्याच' असा हुकूम खाजगी नोकरीच्या करारात कोर्ट सहसा देत नाही. झालेल्या नुकसानीची भरपाई मागता येते, आणि तीही वेळ आणि पैसा खाऊन. म्हणून दोन गोष्टी कराव्या. एक, जुन्या नोकरीच्या शेवटच्या दिवसाच्या आठवडाभर आधी नव्या कंपनीला मेल करून विचारावं की अमुक तारखेला येते, पक्कं ना? उत्तर लेखीच घ्यावं. इथे काही गडबड निघाली, तर शेवटचा दिवस उलटण्याआधी जुन्या साहेबांना राजीनामा मागे घेण्याबद्दल लेखी विनंती करता येते. ते मान्य करतीलच असं नाही, पण दिवस उलटल्यावर विनंतीलाही अर्थ राहत नाही. म्हणूनच राजीनामा देताना चार बोल सुनावून निघू नये; ज्या दारातून गेलो तेच ठोठवावं लागेल कदाचित. दुसरी गोष्ट, निदान दोन हप्ते आणि दोन महिन्यांचा किराणा एवढी रक्कम बाजूला ठेवूनच नोकरी बदलावी. भिशी लागण्याचा महिना पाहून बदलली तर उत्तमच!

आपल्यापैकी पुष्कळ जणी खाजगी शाळांतून शिकवतात, तेव्हा थोडं आमच्या शिक्षिकांसाठी. मान्यताप्राप्त खाजगी शाळांना महाराष्ट्रात १९७७ चा वेगळा कायदा आहे आणि त्याखाली १९८१ ची नियमावली. तिच्यात नियुक्तीचा आदेश ठरावीक नमुन्यात द्यायचा असतो. 'जूनपासून या, कागद नंतर करू' असं संस्थेच्या चिटणिसांनी सांगितलं, तर त्या आदेशाची प्रत हाती आल्यावरच आधीची शाळा सोडावी. नोटीसही लांब असते. कायम शिक्षिकेला तीन महिन्यांची आणि कायम नसलेलीला एक महिन्याची. म्हणजे जूनमध्ये नव्या शाळेत जायचं असेल तर कायम शिक्षिकेला फेब्रुवारी संपायच्या आत नवा कागद हाती हवा. एप्रिलमध्ये मुलाखत आणि मेमध्ये आदेश आला, तर तीन महिने कुठून आणणार? तेव्हा नव्या संस्थेकडून रुजू होण्याची तारीख पुढची लिहून घ्यावी, किंवा जुन्या संस्थेला नोटिशीऐवजी पगार भरून लवकर सोडण्याची विनंती करावी.

राजीनामा कसा द्यायचा हेही त्या कायद्याच्या सातव्या कलमात सांगितलं आहे. दोन प्रती करायच्या, दोन्हींवर सही करून तारीख घालायची, एक रजिस्टर पोस्टाने संस्थेला पाठवायची आणि दुसरी आपल्याजवळ ठेवायची. तारीख घालायची हा शब्द मुद्दाम वाचा. काही ठिकाणी नोकरीवर घेतानाच बिनतारखेच्या राजीनाम्यावर सही घेऊन ठेवतात, हे आपल्या कानावर येतंच. तसा कागद पुढे आला तर सही करू नये, आणि पूर्वी केलेली असेल तर आपण राजीनामा दिलेला नाही असं संस्थेला लेखी कळवून त्या पत्राची पोस्टाची पावती नियुक्तीच्या आदेशाबरोबर जपून ठेवावी.